38 मॅच, 1 भेट: स्वाइप अ‍ॅपवरच्या एका तरुणाचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नाव, नोकरी, गाव आणि काही आकडे बदलले आहेत. समुपदेशनासाठी आलेल्या मिळत्याजुळत्या प्रकरणांतले थोडे तपशीलही यात मिसळले आहेत.)

पार्श्वभूमी

निखिल 31 वर्षांचा. मूळचा सातारा जिल्ह्यातला, पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. उंची पाच फूट पाच इंच, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकायला लागलेले. बोलण्यात चांगला, मित्रमंडळात रमणारा.

गावाकडे आईनं विवाह मंडळात नाव नोंदवलं होतं. तीन स्थळं पाहून झाली, एकाही ठिकाणी जुळलं नाही. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पण त्याच वर्षी तो दोन डेटिंग अ‍ॅपवर आला. त्यातल्या टिंडरवर त्यानं अमर्याद लाइक देता येणारा पैसे भरून घ्यायचा प्लॅन घेतला आणि तीन महिन्यांत त्याची तब्येतच बिनसली. झोप उशिरा लागायची, ऑफिसच्या बाथरूममधल्या आरशासमोर वेळ जायचा, मित्रांच्या ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. समुपदेशनाला मात्र तो या कशासाठीच आला नव्हता. हेअर ट्रान्सप्लांट करावं की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. क्लिनिकनं 2,500 ग्राफ्ट्सचं एक लाख दहा हजारांचं कोटेशन दिलं होतं आणि सवलत महिनाअखेरपर्यंतच होती.

पहिल्याच बैठकीत तो एक वाक्य बोलला, ते पुढे फार उपयोगी पडलं: "स्थळाकडून नकार आला की पत्रिका जमली नाही, शेती कमी आहे, मुलीला पुण्यातच राहायचंय, असं काहीतरी असतं. इथं दुसरं काही नाहीच. फक्त माझा चेहरा."

अडचण नेमकी कुठे होती

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं. विवाह मंडळातला नकारही पुष्कळदा फोटो पाहूनच होतो, पण सोबत बायोडेटा, मध्यस्थ आणि एखादी सबब असते. ती सबब खोटी असली तरी मन सांभाळते. अ‍ॅपवर नकार कळतच नाही. कळते ती फक्त मॅच, म्हणजे दोघांनीही एकमेकांना होकार दिला एवढंच. मॅच झाली नाही तर त्याचं कारण माणूस स्वतःच भरतो, आणि समोर चेहऱ्याशिवाय काही नसल्यामुळे ते कारण चेहऱ्यावर जाऊन बसतं.

खरं तर मॅच न होण्याची कारणं निदान चार असतात. त्या व्यक्तीनं अ‍ॅप कित्येक दिवसांत उघडलेलं नसतं. उघडलं तरी तिच्या रांगेत आपलं प्रोफाइल अजून आलेलं नसतं. आलं तरी तिनं ते अंतरासाठी किंवा वयासाठी सोडलेलं असतं. किंवा खरोखरच फोटो पाहून नको म्हटलेलं असतं. निखिलच्या हिशेबात चारही गोष्टी चौथ्याच खात्यात जमा होत होत्या.

टिंडरकडून स्वतःची माहिती मागवता येते. मिळालेल्या फाइलमध्ये रोजचे आकडे असतात. `app_opens` म्हणजे अ‍ॅप किती वेळा उघडलं, `swipes_likes` आणि `swipes_passes` म्हणजे किती होकार आणि किती नकार दिले, आणि `matches`. निखिलची 90 दिवसांची बेरीज अशी निघाली: अ‍ॅप 1,710 वेळा उघडलं, म्हणजे दिवसाला 19 वेळा. होकार 5,400, नकार 1,350, मॅच 38.

म्हणजे दिलेल्या शंभर होकारांमागे मॅच एकही नाही, 0.7. त्याला हा आकडा लाजिरवाणा वाटला. तो कशाशी ताडायचा हा प्रश्न होता. टिंडरविषयी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये चाचणीची प्रोफाइल तयार करून समोर येईल त्याला होकार दिला होता. पुरुषांच्या प्रोफाइलना सरासरी 0.6 टक्के मॅच मिळाल्या, स्त्रियांच्या प्रोफाइलना 10.5 टक्के. तो अभ्यास परदेशातला, जुना, आणि त्यातली प्रोफाइल बनावट. त्यामुळे पिंपरीतल्या माणसाला त्यावरून गुण देता येणार नाहीत. पण शेकडा एकाच्या आत असणं ही पुरुषांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट असू शकते, एवढं त्यावरून दिसतं.

असं का होतं, ते कागदावर मांडून दाखवता येतं. समजा एका भागात 400 पुरुष आणि 100 स्त्रिया अ‍ॅपवर आहेत. प्रत्येक पुरुष 70 जणींना होकार देतो, म्हणजे प्रत्येक स्त्रीकडे सरासरी 280 होकार येऊन पडतात. एवढ्या ढिगातून ती पाच जण निवडते. शंभर जणींचे मिळून होकार झाले 500. ते चारशे पुरुषांत अगदी समान वाटले तरी वाट्याला सव्वा येतो, आणि समान तर ते कधीच वाटले जात नाहीत. मॅच कमी म्हणून पुरुष आणखी सैल हातानं होकार देतात. ढीग वाढला म्हणून स्त्रिया आणखी कडक होतात. यात कोणाचाही चेहरा न बदलता सगळ्यांचे आकडे घसरतात.

त्याला खरं खटकलं ते मात्र पुढचं. त्या 38 मॅचपैकी 17 जणींना निखिलनं एकही मेसेज केला नव्हता. का? "सगळ्यांना हो म्हणायचं, मॅच झाली की नीट बघायचं, हीच पद्धत आहे." नीट बघितल्यावर फोटो आवडले नव्हते. उरलेल्या 21 जणींना त्यानं लिहिलं, 9 जणींचं उत्तर आलं, 4 संवाद व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत गेले आणि एक भेट झाली. त्या 17 जणींनी मॅच झाल्यावर आलेल्या शांततेचा काय अर्थ लावला असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. फोटोवर तोलला जातोय म्हणून जो त्रासला होता, तोच दुसऱ्या टोकाला फोटोवर माणसं तोलत होता.

एक चाचणीही घेतली. त्याला नेहमीच्या वेगानं 20 प्रोफाइल पाहायला सांगितली आणि प्रत्येकाला हो किंवा नको का, ते दोन-तीन शब्दांत लिहायला सांगितलं. पहिल्या सात-आठ नोंदी बऱ्या होत्या: "ट्रेकचा फोटो", "कुत्रा आवडतो", "फार दूर". बाराव्यानंतर सगळीकडे फक्त "नको". विसाव्याला त्यानं नाव वाचलं नव्हतं. नेदरलँड्समधल्या 2020 च्या एका संशोधनात हाच उतार मोजला गेला आहे. एकामागून एक फोटो दाखवत गेलं की होकाराची शक्यता पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सरासरी 27 टक्क्यांनी घसरली. निखिलला प्रश्न विचारला, "तुझा फोटो कोणाच्या रांगेत चाळिसावा असेल तर?" तो काही वेळ बोलला नाही.

समोरचे पर्याय

पाच पर्याय मांडले आणि प्रत्येकाची किंमत लिहून काढली.

ट्रान्सप्लांट त्याच्या मनात पहिलं होतं. कारणही ताजं होतं. त्या एकुलत्या भेटीत समोरच्या मुलीची नजर दोनदा कपाळाकडे गेली, असं त्याला वाटलं होतं. पण अ‍ॅपवरचे त्याचे फोटो फोनच्या ब्यूटी मोडमधले होते. त्वचा गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ. भेटीत ती कशाकडे पाहत होती, हे ठरवायला त्याच्याकडे काही आधार नव्हता. (शादी डॉट कॉमनं 2020 मध्ये त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. फोनच्या कॅमेऱ्यांतला रंग उजळण्याचा सोस मात्र कोणी काढलेला नाही.)

दुसरा पर्याय आणखी पैसे भरण्याचा. बूस्ट घेतला की साधारण अर्धा तास प्रोफाइल रांगेत वर येतं. त्यानं फोटो जास्त डोळ्यांसमोर जातो, पण फोटो तोच राहतो. तिसरा, अ‍ॅप कायमचं काढून टाकणं. हे त्यानं आधी दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतलं होतं. चौथा, सगळं आईवर सोडणं. याला त्याची ना नव्हती, पण "हरलो म्हणून" तिकडे जायचं नव्हतं. पाचवा पर्याय वापराची पद्धत बदलण्याचा, आणि बरोबरीनं माणसं वारंवार भेटतील अशी एखादी जागा शोधण्याचा.

पाचवा निवडला. ट्रान्सप्लांटला नकार दिला नाही, तो फक्त सवलतीच्या तारखेपलीकडे ढकलला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय बहुधा हाच.

काय केलं

आधी दोन तपासण्या केल्या. रोझेनबर्ग यांची आत्मसन्मानाची प्रश्नावली दहा विधानांची आहे. तिचे गुण 0 ते 30, आणि साधारण 15 च्या खालचे गुण कमी समजतात. निखिलचे आले 13. दुसरी चाळणी दिसण्याविषयीच्या अतिरेकी चिंतेची. एखाद्या दोषाच्या विचारात रोज तासाभराहून जास्त वेळ जातो का, त्यामुळे कामाला किंवा लोकांत जाणं टळतं का, हे त्यात विचारतात. उत्तर होकारार्थी असेल तर कॉस्मेटिक शस्त्रक्रियेनं समाधान सहसा होत नाही. चिंता बऱ्याचदा दुसऱ्या अवयवावर सरकते आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. निखिलचा वेळ पाऊण तासाच्या आसपास होता आणि काम टळत नव्हतं. तो काठावर होता, म्हणून सहा आठवड्यांनी हीच चाळणी पुन्हा घ्यायचं ठरलं.

केसांसाठी त्याला क्लिनिकच्या सेल्समनकडून उठवून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं की गळती चालू असताना फक्त पुढचा भाग भरला तर मागचे मूळचे केस पुढेही जात राहतात आणि मध्ये पट्टा उरतो, म्हणून आधी औषधानं गळती थोपवायची. मिनॉक्सिडिलचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टराइड या दुसऱ्या औषधाचे लैंगिक आणि मनःस्थितीवरचे दुष्परिणाम समजावून, सध्याची मनःस्थिती पाहता त्यांनी ते सुरू केलं नाही.

मग दोन आठवडे टिंडरवर "डिस्कव्हरी" बंद ठेवली. यात खातं आणि जुन्या मॅच राहतात, पण नवीन लोकांना प्रोफाइल दिसत नाही. खातं पुसण्यापेक्षा हे बरं, कारण "आता कायमचं सोडलं" असा आव नसतो आणि परत येताना हरल्यासारखं वाटत नाही. दुसरं अ‍ॅप काढून टाकलं. सूचना सगळ्या बंद केल्या. मॅच कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून तर माणूस एकोणीस वेळा अ‍ॅप उघडतो. लॉटरीवाल्याच्या दुकानाबाहेर घुटमळणाऱ्या माणसासारखंच ते.

फोटो तिसऱ्या आठवड्यात घेतले. जुना मुख्य फोटो गाडीत बसून, हातभर अंतरही न ठेवता काढलेला सेल्फी होता. 2018 मध्ये अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी गणितानं दाखवलं होतं की 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. यात दोष नाकाचा नसतो, अंतराचा असतो. नवीन फोटो मित्रानं मागच्या कॅमेऱ्यानं, पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या उजेडात काढले, ब्यूटी मोड बंद ठेवून. केस लपवणारी टोपी नाही. कपाळ जसं आहे तसं, कारण भेटीत तेच दिसणार आहे. चाळीसेक फोटोंतून बारा काढले आणि शेवटचे चार निखिलनं न निवडता त्याला न ओळखणाऱ्या सहा जणांनी निवडले. स्वतःचा फोटो निवडताना माणूस आरशातल्या ओळखीच्या चेहऱ्याशी तुलना करत बसतो. अनोळखी माणसांची निवड अनोळखी माणसांवर बरा ठसा उमटवते, असं 2017 च्या एका प्रयोगात दिसलं आहे. निखिलनं मनात धरलेला फोटो सहापैकी एकानंही निवडला नाही.

वापराचे नियम चारच ठेवले. दिवसातून एकदा, जेवणानंतर, अंथरुणात नाही. 20 प्रोफाइल झाली की बंद. सगळे फोटो आणि मजकूर पाहिल्याशिवाय हो किंवा नको नाही, आणि तीनपेक्षा जास्त होकार नाहीत. मॅच झाली की दुसऱ्या दिवसाच्या आत, तिच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या गोष्टीवर लिहायचं. ज्यांच्याशी बोलायचं नव्हतं त्या जुन्या मॅच काढून टाकल्या.

चौथ्याच दिवशी त्याची तक्रार आली: मॅच बंदच झाल्या. त्या बंद होणारच होत्या. दिवसाला साठ होकारांवरून तो तीनवर आला होता. हे आधी सांगितलेलं असूनही तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी रात्री, त्यानं गुपचूप बूस्ट विकत घेतला. अर्ध्या तासात दोन मॅच झाल्या, दोघींकडून पुढे काही आलं नाही आणि शनिवारी त्यानं 31 वेळा अ‍ॅप उघडलं. पुढच्या बैठकीत त्यावर ओरडा नव्हता. शुक्रवार आणि शनिवारची नोंद शेजारी-शेजारी ठेवून ती त्यालाच वाचायला सांगितली. प्लॅनचं नूतनीकरण त्यानं त्याच दिवशी बंद केलं.

अ‍ॅपबाहेरच्या जागेचा शोध सोपा नव्हता. त्यानं सुचवलेले रविवारचे ट्रेक नाकारले, कारण तिथं दर वेळी नवी माणसं असतात, म्हणजे पुन्हा पहिलाच ठसा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 167 जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यांची ओळख झाल्याबरोबर जोडी जमली त्यांच्यात दोघांच्या देखणेपणाची पातळी बरीच जुळत होती. आधी बरेच महिने ओळख असलेल्यांत ती जुळण्याची गरज जवळजवळ उरली नव्हती. म्हणून तीच माणसं दर आठवड्याला, महिनोन्‌महिने भेटतील अशी जागा हवी होती. निखिल एका हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजनेच्या मदतीला जाऊ लागला. तारा, डिमर, लोडचा हिशेब यात त्याचा हात होताच.

निष्पत्ती

नव्या पद्धतीच्या चार आठवड्यांत, बूस्टची रात्र वगळून, त्यानं 540 प्रोफाइल पाहिली, 71 होकार दिले आणि 3 मॅच झाल्या. टक्केवारी 0.7 वरून 4.2 वर गेली. ही उडी छान दिसते, पण तिच्यावर फार भार टाकू नये. तीनच्या जागी एक मॅच असती तर टक्केवारी 1.4 झाली असती. शिवाय फोटो आणि निवडकपणा दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते सांगता येत नाही. एकूण मॅच तर घटल्या: आधी चार आठवड्यांत साधारण बारा, आता तीन. भेट मात्र तीन महिन्यांत एक झाली होती, ती आता चार आठवड्यांत एक झाली. त्या मुलीला तो तीनदा भेटला. पुढे जमलं नाही. तिनं स्पष्ट सांगितलं की तिला परदेशी जायचंय. निखिलच्या शब्दांत, "कारण असलेला नकार पचतो."

बाराव्या आठवड्यात प्रश्नावलीचे गुण 17 आले. दिसण्याच्या चिंतेचा वेळ त्याच्या अंदाजानं पंधरा मिनिटांवर आला होता. अ‍ॅपवर येण्याआधी त्याचे गुण किती होते हे माहीत नाही, त्यामुळे सगळी घसरण अ‍ॅपमुळेच झाली असं म्हणता येत नाही. टिंडर वापरणाऱ्यांत चेहऱ्याबद्दलचं समाधान कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, पण तेही एका वेळचं चित्र दाखवतात: अ‍ॅपनं समाधान घटलं की असमाधानी माणसं अ‍ॅपकडे जास्त वळली, हे त्यातून सुटत नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता येईल

क्रम बदलता आला असता. अ‍ॅपची माहिती मागवून हाती यायला काही दिवस जातात. निखिलनं ती दुसऱ्या बैठकीनंतर मागवली. पहिल्याच दिवशी मागवली असती तर ट्रान्सप्लांटच्या सवलतीची तारीख डोक्यावर असताना आकडे हातात असते, आणि ती चर्चा निम्म्या वेळात आटोपली असती.

फोटो सुधारणं हाताशी असलेलं, लगेच फळ देणारं काम आहे, म्हणून मित्र आणि समुपदेशक दोघेही तिथूनच सुरुवात करतात. आत्मसन्मानाच्या प्रश्नावलीचे गुण कमी असताना ते आधी करणं धोक्याचं. नवीन फोटो लावून आठवडाभर काही झालं नाही, तर "चांगल्या फोटोतही मी नकोच" हा निष्कर्ष आधीच्यापेक्षा पक्का बसतो. इथं दोन आठवड्यांची सुट्टी आधी घेतली म्हणून ते टळलं. तरी बूस्टची रात्र आलीच. शुक्रवार रात्रीसाठी वेगळी तयारी हवी होती. एकटेपणा कोणत्या वारी, किती वाजता वाढतो हे पहिल्याच आठवड्यात विचारून ती वेळ दुसऱ्या कशानं तरी भरायला हवी होती. नाटकाच्या तालमी सोमवारी आणि गुरुवारी असायच्या.

तिसरी गोष्ट त्या 17 मॅचची. त्यावर बोलणं दुसऱ्या महिन्यात झालं. आधी झालं असतं तर त्याला दोषी वाटण्याचा धोका होता, आणि 13 गुणांवर असलेल्या माणसाला आणखी एक ओझं देणं बरोबर नव्हतं, असा एक विचार. पण दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर नकार देताना आपल्या मनात समोरच्याबद्दल किती थोडं असतं, हे त्याला सगळ्यात लवकर स्वतःच्या हातून दिलेल्या नकारांवरूनच पटलं. सतरापैकी एकीबद्दलही त्याला "कुरूप" वाटलं नव्हतं. बहुतेकींची नावंही आठवत नव्हती.

सहाव्या महिन्यातल्या पाठपुराव्यात: अ‍ॅप फोनवर आहे, फुकटच्या खात्यात, आठवड्यातून दोन-तीनदा उघडतो. मिनॉक्सिडिल चालू आहे. ट्रान्सप्लांटचा विचार त्यानं वर्षभरानं, गळती थांबली तर, पुन्हा करायचं ठरवलं आहे. आईला त्यानं विवाह मंडळाच्या बायोडेट्यातला स्टुडिओतला जुना फोटो बदलून खिडकीजवळचा फोटो द्यायला लावला. तिला तो अजिबात आवडलेला नाही, कारण त्यात तो "काळा दिसतो".